संगीताच्या रात्रीचा खर्डा

या वर्षीच्या अंकासाठी संपादकांनी 'मध्ये उभी असलेली माणसे' असा विषय मुक्रर केला, तेव्हा दुभाषे, मध्यस्थ आणि नदीकाठचे नावाडी अशी पुष्कळ मंडळी मनात येऊन गेली. परंतु माझे मन अखेर स्थिरावले ते लग्नाच्या आदल्या रात्री, 'संगीत' या नावाने आता आपल्याकडेही रूढ झालेल्या समारंभात, एक नाच संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या दीड मिनिटात माइक हाती धरून उभ्या राहणाऱ्या माणसावर. त्याचे काम उत्तम झाले तर पाहुण्यांना केवळ नाच आठवतात. ते बिघडले, तर नाच कितीही बहारीचे झालेले असोत, 'कार्यक्रम फार रेंगाळला' एवढीच आठवण मागे राहते.

ओळखीच्या एका घरी असा समारंभ ठरला होता. वर कोल्हापूरचा, वधू बडोद्याची. तिचे घराणे मराठी, पण गायकवाडांच्या राज्यात जाऊन स्थिरावल्याला कित्येक पिढ्या लोटलेल्या, त्यामुळे बोलण्यात गुजरातीची लकब आणि डाळीत गूळ ही दोन्ही त्या घरात मुरलेली. निवेदनाचे काम दोघांवर सोपवले होते. वराची आत्या कोल्हापुरातल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, आणि वधूचा मामेभाऊ बडोद्याला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणारा. मी त्यांच्या दोन तालमी पाहिल्या आणि ती रात्रही पाहिली.

पहिल्या तालमीच्या दिवशी गच्चीवर पोचलो तेव्हा आत्याबाईंच्या मांडीवर दोनशे पानी वही उघडी होती आणि तिच्या पहिल्या पानावर एकच शब्द लिहिलेला होता : 'खर्डा'. जुन्या दफ्तरी भाषेत खर्डा म्हणजे कच्चा मसुदा. कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात खर्डा म्हणजे तव्यावर रगडलेली हिरवी मिरची. त्या म्हणाल्या, "दोन्ही अर्थ मनात ठेवूनच लिहिलंय. मजकूर पक्का नको आणि मिरची जास्त नको."

थट्टेचा जुना कायदा

लग्नातली थट्टा ही आजकालची उपज नव्हे. ज्या पंजाबातून हा 'संगीत' समारंभ आपल्याकडे आला, तिथे तो मूळचा बायकांचा. ढोलकीभोवती बसून वधूसाठी सुहाग आणि वरासाठी घोडी ही गीते गायची, आणि व्याह्यांची यथेच्छ टर उडवणाऱ्या सिठणियाही गायच्या, अशी तिथली रीत. गुजरातेत याच जातीच्या गाण्यांना फटाणां म्हणतात. आपल्याकडे रुखवताच्या वेळी व्याही-विहिणींना चिमटे काढणारी गाणी होतीच. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' हा चित्रपट आला आणि लग्नघरातल्या नाचगाण्याचे एक गोजिरे चित्र घरोघरी पोचले. त्यानंतरच्या वर्षांत ढोलकीचे वर्तुळ मोडून त्याच्या जागी रंगमंच, दिवे आणि माइक आले.

या स्थित्यंतरात एक गोष्ट बदलली. वर्तुळात बसून दहा बायका व्याह्याची टर उडवत, तेव्हा ती टर कोणा एकीची नसे. शब्द परंपरेचे, आवाज सगळ्यांचा, आणि उत्तर देण्याचा अधिकार समोरच्या दहाजणींना तत्क्षणी असे. एकीने दोष द्यायचा म्हटला तरी तो कोणाला द्यावा हे सापडत नसे. माइकवरची थट्टा मात्र एका माणसाच्या तोंडून निघते, नाव घेऊन निघते, आणि जिच्यावर ती होते त्या व्यक्तीच्या हाती उलट बोलायला माइक नसतो. जुन्या थट्टेला जो बंदोबस्त आपोआप लाभलेला होता, तो आता लिहिणाऱ्याने मसुद्यातच करावा लागतो.

त्यासाठी आत्याबाईंनी दोन नियम घातले होते. पहिला असा की प्रत्येक निवेदकाने चिमटा आपल्याच पक्षाला काढायचा. कोल्हापूरकरांची थट्टा आत्या करतील, बडोदेकरांची तो मुलगा, आणि पलीकडच्या पक्षाविषयी बोलायचे तर कौतुकच. दुसरा नियम असा की वर्ण, वजन, वय, पगार, मोडलेली स्थळे आणि मूलबाळ या सहा गोष्टी कितीही हलक्या हाताने आल्या तरी त्यांना वहीत थारा नाही. मुलाने विचारले, "पण आत्या, मग उरलं काय?" त्याचे उत्तर पुढच्या आठ दिवसांत त्याला मिळाले.

फजितीची टिपणे

आत्याबाईंनी नाचात भाग घेणाऱ्या प्रत्येक गटातल्या एकाला फोन केला आणि एकच प्रश्न विचारला : "तालमीत काय फजिती झाली?" माणसाला आपल्या आयुष्याविषयी प्रश्न केला तर तो सावध होतो, तालमीविषयी केला तर खुलतो. कारण तालमीतली चूक ही लाजेची गोष्ट राहत नाही. गटातल्या सर्वांनी ती पाहिलेली असते, त्यावर एकदा हसूनही झालेले असते, आणि सांगणारा स्वतःच ती रंगवून सांगतो. तेव्हा 'ज्याची थट्टा, त्याच्याच तोंडची' ही अट आपसूक पाळली जाते. आठ दिवसांत बारा गटांच्या बारा फजित्या वहीत जमा झाल्या.

या पद्धतीचा दुसरा लाभ माझ्या उशिरा ध्यानात आला. 'आमचे काका फार विनोदी आहेत' असे म्हणून काकांना मंचावर बोलावले, तर प्रेक्षकाला पुढे काय पाहायचे ते कळत नाही. तालमीतली फजिती सांगितली की त्याच नाचातल्या एका जागेवर त्याची नजर आधीच जाऊन बसते. याचे सर्वांत चांगले उदाहरण वराच्या थोरल्या काकांचे. त्यांची हयात जिल्हा परिषदेच्या हिशेब खात्यात गेलेली. मामेभावाने उत्साहाच्या भरात केलेल्या पहिल्या खर्ड्यात त्यांच्याविषयी असे लिहिले होते : 'आता येत आहेत आपले वजनदार काका, मंच मजबूत आहे ना, एकदा तपासून घ्या!' आत्याबाईंनी त्यावर आडवी रेघ मारली. एक तर त्यात वजन आले, दुसरे म्हणजे बडोदेकराने कोल्हापूरकराला चिमटा काढला, आणि तिसरे, त्यांच्या मते सर्वांत मोठे कारण असे की हे वाक्य कोणत्याही लग्नातल्या कोणत्याही काकांना चिकटवता आले असते.

काकांना फोन केल्यावर कळले की पहिल्या दिवशी त्यांनी आठाच्या मोजणीत नऊ पावले टाकली होती आणि शिकवणाऱ्या मुलीने टोकले तेव्हा काय उत्तर दिले होते. मग आत्याबाईंच्या हातचा मजकूर असा झाला :

"आमच्या थोरल्या दादांनी जन्मभर सरकारी हिशेब लिहिला, आणि त्यात एका पैशाची चूक कधी निघाली नाही. नाचाच्या पहिल्या तालमीत मात्र आठ पावलांच्या जागी नऊ पडली. शिकवणारी म्हणाली, काका, एक पाऊल जास्त झालं. तर दादा म्हणाले, शिल्लक दाखवा, पुढच्या महिन्यात वळतं करू. मंडळी, तो पुढचा महिना आज उजाडला आहे. शिल्लक पाऊल वळतं करायला येत आहेत, कोल्हापूरचे तिघे भाऊ!"

सावकाश म्हटले तर हे निवेदन पाऊण मिनिटात संपते. त्यात काकांची थट्टा आहे, पण तिच्या पायाखाली त्यांच्या जन्माच्या कामाचा गौरव आहे. आणि विनोदाचा शेवटचा शब्द काकांचाच असल्यामुळे हशा त्यांच्यावर होत नाही, त्यांच्या बाजूने होतो.

शेवटची ओळ

वरच्या मजकुरात 'कोल्हापूरचे तिघे भाऊ' हे शब्द अगदी शेवटी आले आहेत, यामागे व्यवहारातले कारण आहे. ध्वनिव्यवस्था सांभाळणारा माणूस सभागृहाच्या मागच्या टोकाला बसतो; त्याला ना ही माणसे ठाऊक, ना त्यांचे विनोद. त्याच्या हाती गाण्यांची क्रमवार यादी असते आणि कोणत्या क्षणी कळ दाबायची एवढाच त्याचा प्रश्न असतो. नाव आधी घेऊन निवेदक पुढे आणखी दोन वाक्ये बोलत राहिला, की नाव ऐकताच टाळ्या पडतात, टाळ्या ऐकून गाणे सुरू होते, आणि राहिलेली वाक्ये त्या गोंगाटात बुडून जातात. म्हणून निवेदनातला बाकीचा सर्व मजकूर आयत्या वेळी लांबवता वा आखडता येतो. शेवटची ओळ मात्र अक्षरशः ठरलेली, तिच्यात काना-मात्रेचा फेरफार नाही, आणि तिचा अखेरचा शब्द म्हणजे गटाचे नाव. ध्वनिवाल्याकडे या बारा ओळी वेगळ्या कागदावर लिहून दिलेल्या होत्या.

वहीतल्या प्रत्येक पानाचे उभे तीन भाग केले होते. डावीकडे कोण, किती जण, कोणत्या बाजूने येणार, आणि त्यांनी आधी उभे राहायचे की आधी सूर वाजायचा याची नोंद. ही शेवटची बाब किरकोळ दिसते, पण गाणे सुरू झाल्यावर नाचत प्रवेश करणारा गट आधीच येऊन उभा राहिला तर तो शांततेत अवघडतो, आणि अंधारात स्थिर उभे राहून सुरुवात करणाऱ्यांचे गाणे आधी वाजले तर पहिले आठ ठोके धावपळीत जातात. मधल्या भागात बोलायचा मजकूर. उजव्या भागात 'राखीव' असा मथळा आणि त्याखाली, गट तयार नसेल तर वेळ भरून काढण्यासाठी एखादा प्रश्न, एखादा उखाणा, प्रेक्षकांतल्या एखाद्या वडीलधाऱ्या जोडप्याचे नाव.

वेळेचा हिशेब आत्याबाईंनी शेवटाकडून आरंभाकडे मांडला होता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि कार्यालयाचे व्यवस्थापक बंद सभागृहातही तो चालू देत नाहीत, त्याबाबतीत ते कोणाचे ऐकत नाहीत. सर्वांनी मिळून नाचण्यासाठी शेवटची २५ मिनिटे हवी होती. बारा नाच, प्रत्येकी सरासरी साडेतीन मिनिटे, म्हणजे ४२ मिनिटे. त्यांच्यामधल्या अकरा जागा दीड-दीड मिनिटाच्या, म्हणजे सुमारे १७. आरंभाचे स्वागत ५ आणि वधूवरांचा प्रश्नोत्तरांचा खेळ १५. एकूण ७९ मिनिटे. सव्वाआठला पडदा वर गेला तरच हे सारे जमते, म्हणून निमंत्रणपत्रिकेत साडेसात लिहिले होते.

क्रमही याच हिशेबातून ठरला. लहान मुले प्रथम, कारण नऊनंतर त्यांना झोप येते. वधूची बहीण दोन नाचांत होती, एकात नऊवारी आणि दुसऱ्यात घागरा. पोशाख बदलायला तिला दहा मिनिटे लागणार, म्हणून तिच्या दोन नाचांमध्ये दुसरे दोन नाच ठेवले. मधल्या निवेदनांसह ते अंतर साडेअकरा मिनिटांचे होते. दीड मिनिटाची ही पुंजी पुरेशी आहे असे कागदावर दिसत होते.

हुक तुटले तेव्हा

प्रत्यक्ष रात्री ती पुरली नाही. सातव्या नाचाआधी विंगेतून एक मुलगी हाताने 'थांबा' अशी खूण करताना दिसली. घागऱ्याचे हुक तुटले होते आणि सुईदोरा शोधला जात होता. मामेभावाचा मजकूर म्हणून संपत आला होता, शेवटची ओळ तेवढी राहिली होती. अननुभवी निवेदक अशा वेळी 'दोन मिनिटं थांबू या, तयारी चालू आहे' असे सांगून टाकतो, आणि मग तीनशे माणसे एकाच वेळी आपापले फोन बाहेर काढतात. त्याने तसे केले नाही. उजव्या भागातले राखीव त्याच्या नजरेसमोर होते. बडोद्याच्या काकूंचे नाव घेऊन तो म्हणाला, "काकू, कोल्हापूरला आल्यापासून तुम्ही उखाणा घेतलेला नाही, अशी आत्यांची तक्रार आहे." काकूंनी आढेवेढे घेतले, सभागृहाने आग्रह केला, आणि त्यातच एक मिनिट सत्कारणी लागले. मग काकू उभ्या राहिल्या :

"गूळ घातली डाळ बडोद्याची, कोल्हापूरचा झणझणीत कट,
...रावांचं नाव घेते, पुरा झाला तुमचा हट्ट."

टाळ्या थांबतात न थांबतात तोच आत्याबाईंनी पलीकडून प्रश्न टाकला, "काका, डाळ की कट?" काका विचारात पडले, आणि त्यांच्या त्या विचारात पडण्यावरच अर्धे मिनिट गेले. विंगेतली मुलगी आता मान हलवत होती. मुलाने थांबलेली शेवटची ओळ जशीच्या तशी उचलली आणि गाणे तत्काळ सुरू झाले. तीन मिनिटांचा खंड पडला होता आणि तो कोणालाही जाणवला नव्हता.

इथे मला सांगली आठवली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तिथे 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा त्या नाटकाचा सूत्रधार आरंभी येऊन निघून जात नसे. तो शेवटपर्यंत मंचावर उभा राहून कथा गात असे, आणि विदूषक त्याच्याशी बोलण्याचा खेळ मांडत असे. एक धागा धरून ठेवणारा आणि दुसरा त्याला हिसका देणारा अशा या जोडीचा उपयोग कोल्हापूरच्या त्या मंचावर मला समक्ष दिसला. एकटा निवेदक विंगेकडे पाहू लागला तर बोलणे अडते. दोघे असले की एक बोलतो आणि दुसरा पाहतो.

नवव्या नाचानंतरची जागा याहून अवघड होती. वधूच्या वडिलांनी पेटीवर एक जुने भावगीत म्हटले. शेवटच्या कडव्यात त्यांचा आवाज दाटला आणि पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. यानंतर होते मित्रमंडळींचे धांगडधिंग्याचे गाणे. वहीत इथे लिहिलेले होते : 'पाच मोजा. मग एक साधे वाक्य. मग थट्टा, पण पाहुण्यांची नको.' आत्याबाईंनी खरोखरच मनात पाच मोजले. मी त्यांचे ओठ हलताना पाहिले. मग त्या एवढेच म्हणाल्या, "पेटी आमच्या घरात ठेवून जा, म्हणजे ती गाणी ऐकायला तुम्हाला वारंवार यावं लागेल." हलके हसू उमटले, डोळे पुसले गेले, आणि त्या पायरीवर पाय ठेवूनच मुलाने आपल्या आवाजाची पट्टी चढवली. अश्रूंवरून एकदम हशावर उडी मारता येत नाही. मध्ये एक पायरी लागते, आणि ती लिहून ठेवलेली असावी लागते.

हशा कोणत्या बाजूने आला

चूक झालीच नाही असे नाही. उखाण्याच्या यशाने हुरूप आलेल्या मुलाने दहाव्या नाचाआधी वहीत नसलेले एक वाक्य उच्चारले. वराच्या आईचे नाव घेऊन तो म्हणाला, की ताईला आता सकाळी पाचचा गजर लावावा लागणार. बोलणे निरुपद्रवी होते. परंतु हशा आला तो केवळ डावीकडून, जिथे बडोदेकर बसले होते. उजवी बाजू स्तब्ध राहिली. वराच्या आई हसल्या खऱ्या, पण शेजारच्या जावेकडे एकदा पाहून मग हसल्या. थट्टा चुकली हे ओळखण्याच्या या दोन खुणा आत्याबाईंनी मला नंतर सांगितल्या : हशा सभागृहाच्या एकाच बाजूने येतो, किंवा ज्याची थट्टा झाली तो हसण्यापूर्वी दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो.

माइकवर क्षमा मागितली असती तर ज्यांच्या ध्यानात आले नव्हते त्यांनाही ते कळले असते. पुढची पाळी आत्याबाईंची होती. त्यांनी आपल्या मजकुराआधी एक वाक्य घातले : "पाचला आमच्या घरी फक्त मी उठते, आणि वहिनी मला रोज म्हणते, वन्सं, भांडी आपटू नका, पोरं झोपलीत." या वेळी उजवी बाजू आधी हसली, मागोमाग डावी. चिमटा परत आपल्या पक्षात आणि स्वतःच्या माथी घेतल्यामुळे मुलाच्या वाक्यातली धार नाहीशी झाली. नाच सुरू झाल्यावर विंगेत त्यांनी त्याला एवढेच सांगितले, "हे बघ, वहीबाहेर जायचं असलं तर आपल्या आईचं नाव घ्यावं. दुसऱ्याच्या आईचं नाही."

तिघा भावांचा नाच अकरावा होता. आत्याबाईंचा मजकूर शब्दशः तोच झाला, शेवटच्या ओळीवर गाणे सुरू झाले आणि थोरले काका चोख आठ पावले टाकत राहिले. सारे सभागृह त्यांच्या पायांकडे डोळे लावून होते. नाच संपला, गाणे थांबले, आणि त्या शांततेत काकांनी संथपणे एक पाऊल पुढे टाकले. तीनशे माणसांनी एकसुरात म्हटले, "नऊ!" हे कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते. पण पाऊण मिनिटाच्या त्या निवेदनाने सभागृहाला मोजायला शिकवले नसते, तर ते नववे पाऊल कोणाच्या लक्षातही आले नसते.

दहा वाजल्यावर

बाराव्या नाचानंतर सर्वजण मंचावर चढले आणि बरोबर दहाला व्यवस्थापकांच्या खुणेवर ध्वनिक्षेपक बंद झाला. मला वाटले, समारंभ आटोपला. परंतु जेवणानंतर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्या बायकांनी मंचाखालीच सतरंजी ओढून घेतली. कोणीतरी ढोलकी आणली. बडोद्याच्या काकूंनी एक फटाणुं धरले. कोल्हापूरकरणींनी रुखवताच्या वेळचे एक गाणे काढून त्याला उत्तर दिले, आणि मग चढाओढ लागली. दिवसभर पाळलेले सर्व नियम तिथे सर्रास मोडले जात होते. व्याह्यांची मिशी, विहिणीचा तोरा, जावयाचा आळस, काहीच सुटत नव्हते. आणि कोणाचा चेहरा उतरत नव्हता, कारण गाणाऱ्या दहाजणी होत्या आणि उत्तर देणाऱ्याही दहाजणी.

आत्याबाई त्या वर्तुळात बसल्या होत्या. बडोदेकरणींनी वराच्या आत्येवर एक गुजराती कडवे रचून घातले, तेव्हा त्यांनी मागे उभ्या असलेल्या मुलाला विचारले, "काय म्हणाल्या रे?" मुलगा घुटमळला. वहीतल्या सहा निषिद्ध गोष्टींपैकी दोन तरी त्या कडव्यात होत्या. "सांग की," त्या म्हणाल्या, "आता माइक कुठं आहे?" त्याने वाकून कानात अर्थ सांगितला. त्या मोकळेपणाने हसल्या, वही मिटून त्याच्या हाती दिली, आणि ढोलकी आपल्याकडे ओढून घेतली.